पावसाळ्यात हनीकॉम्ब टॉफी चिकट होते, तेव्हा दोष हवेचा की पाकाचा?

जून संपत आला की सांगलीहून भाचीचा फोन येतो आणि पहिले वाक्य ठरलेले असते: "मावशी, टॉफी पुन्हा चिकटली." हिवाळ्यात तिची हनीकॉम्ब टॉफी उत्तम होते. उकळत्या पाकात खाण्याचा सोडा पडताच पातेल्यात सोनेरी फेस चढतो, थंड झाल्यावर लादी काटकन मोडते आणि आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. पावसाळ्यात मात्र तीच लादी अर्ध्या तासात बोटांना चिकटू लागते, संध्याकाळपर्यंत तिच्या कडा ओल्या होतात आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या तळाशी तपकिरी पाकाचे थारोळे साचते. "हवाच दमट आहे, त्याला कोण काय करणार," असा निष्कर्ष काढून ती दिवाळीपर्यंत हा पदार्थ बंद ठेवत असे. मी साताऱ्यात राहते. इथला पावसाळा सांगलीपेक्षा अधिक ओला असतो, तरीही माझी टॉफी टिकते. त्यामुळे हा निष्कर्ष मला अपुरा वाटत होता. गेल्या जुलैमध्ये ती चार दिवस माझ्याकडे राहायला आली, तेव्हा आम्ही एकाच संध्याकाळी दोन घाणे करून याचा छडा लावला.

त्या दोन घाण्यांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. टॉफी चिकट होण्याचे सगळे प्रकार सारखे नसतात आणि ती केव्हा चिकट झाली, यावरून कारण बरेचसे कळते. लादी थंड होताच, म्हणजे बाहेरच्या हवेला फारसा वेळ मिळण्याआधीच, मधला एक तुकडा काढून चावून पाहावा. तो दातांना चिकटला किंवा मोडण्याऐवजी किंचित वाकला, तर पाणी बाहेरून आलेले नाही. ते पाकातच राहिले आहे आणि पाक कमी तापला आहे. तुकडा चावताना कुरकुरीत लागला, पण नंतर पृष्ठभाग ओलसर झाला आणि आतला भाग तसाच कोरडा राहिला, तर पाणी हवेतून आले आहे. या दोन्हींच्या मधला तिसरा प्रकार फसवा आहे: पाक योग्य तापला आहे, तुकडा सुरुवातीला मोडतोही, परंतु तो हवेतील ओल इतक्या वेगाने ओढतो की वीस मिनिटांत हाताला चिकटतो. भाचीची तक्रार या तिसऱ्या प्रकारातली होती. अशा वेळी दोष पाकात काय घातले आहे त्यात शोधावा लागतो.

तिची कृती मी तिच्याकडूनच लिहून घेतली. दोनशे ग्रॅम साखर, चार मोठे चमचे मध, थोडे पाणी, अर्ध्या लिंबाचा रस आणि शेवटी दोन लहान चमचे सोडा. मध का, असे विचारल्यावर ती म्हणाली, "नावातच हनी आहे ना!" वास्तविक हे नाव जाळीमुळे पडले आहे, मधामुळे नाही. ब्रिटनमध्ये या टॉफीत परंपरेने गोल्डन सिरप घालतात, आणि चॉकलेटमध्ये मढवलेली हीच टॉफी तिथे १९२९ सालापासून क्रंची या नावाने वेष्टनात विकली जात आहे. लिंबाबद्दल तिचे उत्तर अधिक सयुक्तिक होते: पाक साखरू नये म्हणून. ही आपल्याकडची जुनी आणि खरी युक्ती आहे. लिंबाच्या आम्लामुळे पाकातील काही साखर फुटते आणि तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. हे परके कण मध्ये आले की उरलेल्या साखरेला पुन्हा स्फटिक बांधणे अवघड जाते. जिलेबीच्या पाकात लिंबू पिळतात ते याचसाठी. पण जिलेबी ओलीच राहायची असते आणि ही टॉफी कोरडी राहायची असते, हा फरक त्या युक्तीत धरलेला नाही.

फ्रुक्टोज हवेतील ओल फार लवकर ओढते. मधात ते भरपूर असते, साधारणपणे वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक. याचा प्रत्यय सांगलीकरांना वेगळा द्यायला नको, कारण गुळाच्या बाजारपेठेत वाढलेल्या माणसाला पावसाळ्यात गुळाला सुटणारे पाणी ठाऊक असते. फळीवर शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन डब्यांपैकी साखर कोरडी राहते आणि गूळ पाझरतो, कारण गुळात अशी फुटलेली साखर आधीपासूनच असते. मध आणि लिंबू दोन्ही घातल्याने भाचीने, नकळत, साखरेच्या टॉफीला गुळाचा स्वभाव दिला होता.

दुसरी अडचण टॉफीच्या घडणीतच आहे. डब्यातील दाणेदार साखर स्फटिकरूपात असते आणि स्फटिक बराच ओलावा सहन करतो. टॉफी मात्र एक प्रकारची काच असते: पाक इतका झटकन थंड होतो की साखरेच्या कणांना रांगेत बसायला वेळच मिळत नाही आणि ते जिथल्या तिथे गोठतात. अशी काच एका ठरावीक तापमानाखाली कडक आणि त्याच्या वर मऊ असते. कोरड्या साखरेसाठी हे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर आहे, ग्लुकोजसाठी ते सुमारे ३० अंश, तर फ्रुक्टोजसाठी स्वयंपाकघरातील हवेपेक्षा बरेच खाली आहे. त्यात पाणी मिसळले की ते आणखी उतरते. केवळ चार-पाच टक्के पाणी शिरले तरी साधी टॉफी खोलीच्या तापमानाला मऊ पडण्याच्या बेताला येते. म्हणून आपल्या हाती दोनच उपाय राहतात: सुरुवातीला पाकात पाणी कमीत कमी ठेवणे, आणि काचेचे हे तापमान खाली ओढणारे पदार्थ न घालणे.

मध आणि लिंबू काढून टाकले तर पाक साखरण्याची भीती पुन्हा उभी राहते. तिच्यावर उपाय म्हणजे बेकरीचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळणारे लिक्विड ग्लुकोज. काचेसारखा पारदर्शक आणि मधाहूनही घट्ट असा हा पदार्थ मक्याच्या किंवा इतर स्टार्चपासून करतात. त्यात फ्रुक्टोज जवळजवळ नसते आणि साखरेच्या लांब साखळ्या बऱ्याच असतात. या साखळ्या स्फटिक बांधू देत नाहीत आणि काच मऊही पाडत नाहीत. इथे एक चूक टाळावी. औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोज पावडर म्हणजे हा पदार्थ नव्हे. ती जवळजवळ निव्वळ ग्लुकोज असते आणि तिने टॉफी अधिकच मऊ होते. मला एका दुकानदाराने "एकच आहे हो दोन्ही" असे सांगून ती दिली होती, आणि त्या दिवशीची टॉफी मी चमच्याने खाल्ली.

आता त्या संध्याकाळचे दोन घाणे. बाहेर पावसाची रिपरिप होती आणि ओट्याजवळच्या लहान आर्द्रतामापकावर ८४ टक्के दिसत होते. पहिला घाणा भाचीच्या कृतीने, अक्षरशः तिच्याच हातून. दुसऱ्यासाठी २०० ग्रॅम साखर, ८० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, ५० मिलिलिटर पाणी आणि ८ ग्रॅम सोडा घेतला. हा सोडा सपाट भरलेल्या लहान चमच्याने दीड चमच्याहून थोडा जास्त भरतो. पातेले एकच, शेगडी एकच, तापमापकही एकच. दोन्ही पाक १५० अंशांवर उतरवले, म्हणजे पाणी उरण्याचा दोष दोघांतही सारखाच राहिला. लाद्या थंड झाल्यावर प्रत्येकीचा हातभर अंतरावर एकेक तुकडा उघड्या ताटलीत ठेवला. मधाचा तुकडा वीस मिनिटांत बोटाला चिकटला आणि तासाभरात ताटलीला डाग पडला. ग्लुकोजच्या तुकड्याचा पृष्ठभाग तासाभराने किंचित ओशट लागला, तरी तो मोडताना आवाज आला. रात्री झोपण्यापूर्वी मात्र तोही चिकट झाला होता, हे सांगायलाच हवे. उघड्यावर कोणतीच टॉफी पावसाळा काढत नाही. योग्य कृतीने आपल्याला वीस मिनिटांऐवजी तासभर मिळतो. पण मोडून डब्यात भरायला तो तास पुरतो आणि वीस मिनिटे पुरत नाहीत. भाचीची सगळी अडचण या फरकात होती.

पाक किती तापवायचा

साखर, ग्लुकोज आणि पाणी एकत्र करून साखर विरघळेपर्यंत मंद आचेवर ढवळावे. उकळी आल्यानंतर ढवळणे पूर्ण थांबवावे. पातेल्याच्या कडांना उडालेले दाणे ओल्या ब्रशने खाली उतरवावेत, कारण तसा एखादा दाणा पाकात पडला की सगळा पाक साखरू शकतो. पातेले जाड बुडाचे आणि खोल हवे. सोडा पडल्यावर पाक तीन-चारपट फुगतो आणि १५० अंशांचा पाक हातावर पडला तर तो तिथेच चिकटून राहतो, म्हणून लहान मुलांना त्या वेळी ओट्यापासून दूर ठेवावे.

मध्यम आचेवर सुरुवातीला तापमान रेंगाळते, कारण उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते. १३० अंशांनंतर मात्र ते भरभर चढते. या टप्प्यावर आच कमी करून पातेल्यापासून न हलणे बरे. १४८ अंशांना गॅस बंद केला की पातेल्याच्या स्वतःच्या उष्णतेने पाक १५०पर्यंत पोहोचतो. १४० अंशांना उतरवलेला पाकही थंड झाल्यावर मोडतो आणि म्हणूनच फसवतो. त्यात पाणी जास्त उरलेले असते आणि तो दातांना चिकटतो. हिवाळ्यात ही चूक खपून जाते, पावसाळ्यात नाही. उलट १६० अंशांपलीकडे पाक कडवट होतो, आणि सोडा घातल्यावर तो कडवटपणा वाढतो, कारण सोड्याच्या क्षारामुळे रंग आणि करपलेपणा दोन्ही वेगाने चढतात. उतरवताना पाक हवा त्यापेक्षा एक छटा फिकाच असावा.

तापमापक नसेल तर चिक्की करणाऱ्यांची परीक्षा चालते. वाटीतील गार पाण्यात पाकाचा थेंब टाकावा. त्याची तार काटकन मोडली पाहिजे, आणि ती चावल्यावर दाताला अजिबात चिकटता कामा नये. लाडवासाठी लागणारा गोळीबंद पाक इथे फार कच्चा पडतो. परीक्षा चालू असताना पातेले आचेवरून खाली ठेवावे, नाहीतर उत्तर मिळेपर्यंत पाक पुढे गेलेला असतो.

तापमापक असणाऱ्यांसाठी साताऱ्यापुरता एक मुद्दा आहे. तापमापक उकळत्या पाण्यात धरून तपासावा, हा सल्ला योग्य आहे. पण तिथे १०० अंश दिसले पाहिजेत, ही अपेक्षा समुद्रकाठची आहे. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांहून उंच आहे आणि इथे पाणी साधारण ९७.५ अंशांना उकळते. सांगलीत ते ९८ अंशांच्या थोडे वर उकळते. माझा तापमापक ९७ आणि ९८ यांच्या मध्ये थांबला, तेव्हा मी तो बिघडला असे समजून बराच काळ प्रत्येक घाण्यात अडीच अंश वाढवून मोजत होते आणि टॉफी दातांना का चिकटते, याचा विचार करत बसले होते. तापमापक बरोबर होता. उंचीमुळे त्याच तापमानाला पाकात पाणी किंचित कमीच उरते, म्हणजे हा फरक आपल्या फायद्याचा आहे. १५० अंश म्हणजे १५० अंशच धरावेत आणि त्यात काही मिळवू नये.

सोडा

इथे फक्त खाण्याचा सोडा चालतो. बेकिंग पावडरमध्ये स्टार्च आणि आम्ल मिसळलेले असते, आणि पापडखार तर वेगळाच पदार्थ आहे. तापलेल्या पाकात सोडा फुटतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि थोडी वाफ बाहेर पडते आणि मागे धुण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार उरतो. सोडा जास्त झाला की टॉफी साबणासारखी लागते ती या क्षारामुळे. सोड्यात गोळ्या राहिल्या तर तिथे पिवळे, कडू ठिपके पडतात. म्हणून तो आधी बारीक गाळणीतून चाळून वाटीत तयार ठेवावा. पावसाळ्यात उघड्या पुडीतल्या सोड्याला हमखास गोळ्या होतात.

पाक उतरवल्यावर सगळा सोडा एकदम पसरून घालावा आणि व्हिस्कने पाच-सहा सेकंद ढवळावे. पांढरी रेघ दिसेनाशी झाली की थांबावे. त्यापुढे ढवळल्यास बुडबुडे फुटतात आणि लादी बसते. लगेच बटर पेपर लावलेल्या टिनमध्ये ओतावे, आणि ओतल्यानंतर चमच्याने पसरवणे, टिन आपटणे किंवा उचलून पंख्याखाली नेणे, यांपैकी काहीही करू नये. लादी मधोमध खचली तर बहुतेक वेळा कोणीतरी तिला हलवलेले असते. कोणी हलवलेले नसेल तर पाक कमी तापला होता आणि बुडबुड्यांच्या भिंती गॅस निसटेपर्यंत कडक झाल्या नव्हत्या.

थंड करणे आणि ठेवणे

लादी गरम असेपर्यंत हवेतील ओल तिला फारशी लागत नाही. धोका सुरू होतो तो ती खोलीच्या तापमानाला येऊ लागल्यावर. त्यामुळे "पूर्ण थंड होऊ द्या, दोन-तीन तास ठेवा" हा सल्ला आपल्या पावसाळ्यात उलटतो. टिनच्या बुडाला तळहात लावल्यावर ऊब जाणवेनाशी झाली, की त्याच मिनिटाला लादी काढून डब्यात ठेवावी. माझ्याकडे याला पाऊण तास लागतो. फ्रिज हे याचे उत्तर नाही. थंड टॉफी बाहेर काढताच तिच्यावर दव धरते आणि इतका वेळ जपलेला कुरकुरीतपणा एका मिनिटात जातो.

लादीचे बारीक तुकडे करण्याची घाई करू नये. तिची वरची कातडी गुळगुळीत आणि बंद असते, तर मोडलेल्या बाजूला जाळीच्या पातळ भिंती उघड्या पडतात आणि ओल तिथूनच शिरते. डब्यात मावतील एवढेच मोठे तुकडे करावेत आणि तळाचा चुरा वेगळा काढावा, कारण तो सर्वांत आधी चिकटतो आणि शेजारच्या तुकड्यांनाही चिकटवतो.

डबा खरोखर हवाबंद आहे का, हे पाहायला मी भाजलेला पापड वापरते. रिकाम्या डब्यात रात्री पापड ठेवावा आणि झाकण लावून सकाळी मोडून पाहावा. पापड वाकला तर त्या डब्यात टॉफी ठेवू नये. आमच्या घरातले स्टीलचे तीन सुंदर डबे या परीक्षेत नापास झाले आणि रबराची कडी असलेली साधी प्लॅस्टिकची बरणी पास झाली. डब्यात खाद्यपदार्थांसाठीच्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकाव्यात. निळे दाणे असलेले जेल खाण्याजवळ ठेवू नये, कारण त्या रंगासाठी कोबाल्टचे क्षार वापरलेले असतात. मिठाच्या डबीत घालतात तसे भाजलेले तांदूळ इथे घालून पाहिले आहेत. मिठापुरते ते ठीक आहेत, या टॉफीला त्यांचा उपयोग झाला नाही. डबा रोज उघडत राहिल्यास जेलही हरते, म्हणून रोज खाण्यापुरते तुकडे वेगळ्या लहान बरणीत काढावेत.

विकण्यासाठी किंवा कोणाला देण्यासाठी करायची असेल, तर चॉकलेटचा लेप हाच भरवशाचा उपाय आहे. चॉकलेटमधील स्निग्धांश ओल अडवतो. पण लेप सर्व बाजूंनी अखंड हवा, आणि तुकडा जिथे टेकतो तो तळ हमखास पातळ राहतो. म्हणून मी आधी फक्त तळाला एक हात देते, तो सुकला की पूर्ण तुकडा बुडवते. टाचणीएवढे छिद्र राहिले तरी दोन दिवसांत तिथून तपकिरी थेंब बाहेर येतो. बुडवण्यापूर्वी तुकड्यावरचा चुरा कोरड्या ब्रशने झटकावा, कारण बहुतेक छिद्रे त्याच्यामुळेच पडतात. चॉकलेट वितळवताना डबल बॉयलरची वाफ त्यात गेली तर ते घट्ट होते, तेव्हा पाण्याचे भांडे वरच्या भांड्याने नीट झाकले जाईल असे घ्यावे.

एकदा चिकट झालेली टॉफी पुन्हा कुरकुरीत होत नाही. ओव्हनमध्ये ठेवून सुकवण्याचा प्रयत्न मी दोनदा केला; पाणी उडण्याआधी काच मऊ होते आणि जाळी खाली बसते. ती पुन्हा उकळूनही उपयोग नाही, कारण तिच्यातला क्षार पाक करपवतो. भाचीच्या मधाच्या घाण्याचे आम्ही गरम दुधात विरघळवून कॉफीसाठीचे सरबत केले आणि ते बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवले. दुसऱ्या घाण्याची लादी ती बरणीतून सांगलीला घेऊन गेली. अकरा दिवसांनी तिने फोन केला आणि काही न बोलता फोनजवळ एक तुकडा मोडून दाखवला.